आरंभीची शिल्लक : वहीतून संगणकात येताना

दिवाळीत वहीपूजन करून नवी वही उघडण्याची चाल व्यापारी घरांतून आजही पाळली जाते. आयकराच्या हिशेबाला मात्र १९८९-९० या कर निर्धारण वर्षापासून सर्वांसाठी १ एप्रिल ते ३१ मार्च हेच वर्ष लागू आहे. त्यामुळे नव्या पेढीचे हिशेब संगणकात आणताना पूजा दिवाळीला झाली तरी शिल्लक ३१ मार्चच्या ताळेबंदातूनच घ्यावी लागते. या कामाचे दोन भाग पडतात. एक, खात्यांची रचना, म्हणजे कोणते खाते कोणत्या गटात ठेवायचे. आणि दुसरा, त्या खात्यांत आरंभीची शिल्लक भरणे. दोन्ही कामे एका दिवसात उरकण्याची घाई पुष्कळ ठिकाणी होते आणि त्याचा परिणाम पुढे वर्षभर भोगावा लागतो.

एक उदाहरण घेऊन हे पाहता येईल. दोन भावांनी १ एप्रिल २०२४ रोजी स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांची भागीदारी पेढी सुरू केली. पहिले वर्ष हिशेब हाताने, रोजकीर्द आणि खतावणीत लिहिले. दुसऱ्या वर्षाच्या आरंभी, १ एप्रिल २०२५ पासून, टॅलीप्राइम घेण्याचे ठरले. ३१ मार्च २०२५ चा त्यांचा ताळेबंद असा होता.

देणी व भांडवल:
थोरल्या भावाचे भांडवल – ६,२०,०००
धाकट्या भावाचे भांडवल – ५,८०,०००
बँकेचे कॅश क्रेडिट खाते – ३,००,०००
मातोश्रींकडून घेतलेली रक्कम – २,००,०००
माल पुरवठादारांचे देणे – ६,४०,०००
मार्चचा जीएसटी देय – १८,०००
मार्चचे दुकानभाडे देय – १२,०००
एकूण – २३,७०,०००

मालमत्ता व येणे:
फर्निचर व रॅक – १,८०,०००
दुकानाची अनामत – २,००,०००
शिल्लक माल – १२,६०,०००
ग्राहकांकडून येणे – ६,९०,०००
रोख – ४०,०००
एकूण – २३,७०,०००

येथे एक गोष्ट प्रथम स्पष्ट असावी. जी पेढी आजच जन्माला आली आहे तिला आरंभीची शिल्लकच नसते. पहिल्या दिवशी भागीदाराने आणलेले पाच लाख रुपये ही त्या दिवसाची जमा नोंद असते. ती पावतीनेच लिहावी. वर्षभर व्यवहार झालेली पेढी वहीतून संगणकात येते, तेव्हाच आदल्या ताळेबंदातील आकडे आरंभीची शिल्लक म्हणून भरायचे असतात. कंपनी तयार करताना Books beginning from या ठिकाणी जी तारीख लिहिली जाते, तिच्या आदल्या दिवसअखेरची शिल्लक संगणक धरतो. या पेढीसाठी ती तारीख १ एप्रिल २०२५.

खात्यांची रचना

टॅलीप्राइममध्ये अठ्ठावीस गट तयारच असतात. खाती मात्र दोनच, रोख आणि नफा-तोटा. बाकीची खाती पेढीला उघडावी लागतात आणि प्रत्येक वेळी संगणक एकच महत्त्वाचा प्रश्न विचारतो: हे खाते कोणत्या गटाखाली? त्या उत्तरावर त्या रकमेची जागा ठरते. ती ताळेबंदात जाईल की नफा-तोटा पत्रकात, आणि तेथे कोणत्या ओळीत, हे सारे गटानेच निश्चित होते.

मराठीतील ‘भाडे’ हा शब्द येथे चांगलाच फसवतो. दुकानाचे भाडे, कारखान्यातून माल आणणाऱ्या टेम्पोचे भाडे आणि ग्राहकाकडे माल पोहोचविणाऱ्या गाडीचे भाडे, या तिन्हींसाठी एकच शब्द वापरला जातो. वहीत तिघांचे एकच पान असले तरी चालून जात असे, कारण लिहिणाऱ्याला कोणती ओळ कशाची हे ठाऊक असे. संगणकात मात्र माल आणण्याचे भाडे Direct Expenses मध्ये जाते आणि मालाच्या खर्चाबरोबर ढोबळ नफा काढताना वजा होते. दुकानाचे भाडे आणि माल पोहोचविण्याचे भाडे Indirect Expenses मध्ये जातात आणि ढोबळ नफ्यानंतर वजा होतात. तिन्ही एकत्र ठेवली तर ढोबळ नफ्याची टक्केवारी वर्षाकाठी वरखाली होत राहते आणि भावात कमी पडतो की खर्चात, हे कळत नाही. म्हणून दुकानभाडे, माल आवक वाहतूक आणि माल जावक वाहतूक अशी तीन खाती उघडावीत.

मातोश्रींनी दिलेले दोन लाख रुपये भांडवल नव्हेत, कारण त्या भागीदार नाहीत. ते Unsecured Loans मध्ये ठेवावेत. बँकेचे कॅश क्रेडिट खाते Bank Accounts मध्ये ठेवण्याचा मोह होतो, परंतु ते कर्ज आहे. त्याची जागा Bank OD A/c. दुकानमालकाकडे ठेवलेली अनामत Deposits (Asset) मध्ये जाते. घरखर्चासाठी भागीदाराने घेतलेली रक्कम आणि मुलांच्या शाळेची फी हा पेढीचा खर्च नाही. ती उचल आहे आणि त्या त्या भागीदाराच्या भांडवलाखालील उचल खात्यात नावे पडते.

खाती किती असावीत, याला एक साधी कसोटी लावता येते. वर्षाअखेर ज्या रकमेविषयी कोणीतरी वेगळा प्रश्न विचारील, तिला वेगळे खाते द्यावे. जीएसटीसाठी केंद्राचा व राज्याचा कर वेगळा विचारला जातो, म्हणून दोन खाती. चहा आणि झाडूचा हिशेब वेगळा कोणी विचारत नाही, म्हणून किरकोळ खर्चाचे एकच खाते पुरे.

शिल्लक भरताना

भांडवलाच्या बाबतीत पहिला गोंधळ होतो तो मूळ रकमेवरून. दोघांनी प्रत्येकी पाच लाख आणले होते. वर्षाचा नफा ३,८०,००० झाला आणि प्रत्येकाच्या वाट्याला १,९०,००० आले. थोरल्याने ७०,००० उचलले, धाकट्याने १,१०,०००. म्हणून ६,२०,००० आणि ५,८०,००० हीच आरंभीची शिल्लक. नफा भागीदारांच्या खात्यांत आधीच वाटला गेला असल्याने नफा-तोटा खात्यात पुन्हा काहीही भरू नये. विक्री, खरेदी आणि खर्चाची सर्व खातीही १ एप्रिलला शून्यापासून सुरू होतात. गेल्या वर्षीचे त्यांचे आकडे नफ्यात विरून गेलेले असतात. फर्निचर दोन लाखांना घेतले असले तरी दहा टक्के घसारा वजा जाऊन उरलेले १,८०,००० हीच भरावयाची रक्कम.

ग्राहक आणि पुरवठादार यांच्या खात्यांत नुसती एकूण रक्कम भरणे पुरेसे नाही. त्या खात्यात Maintain balances bill-by-bill याला Yes दिले की संगणक आरंभीच्या शिलकेची बिलवार फोड मागतो: बिलाची तारीख, क्रमांक, मुदत आणि रक्कम. येथे कंटाळा करून सारी रक्कम १ एप्रिलच्या तारखेने एका ओळीत घातली, तर जुनी येणी ताजी दिसू लागतात. या पेढीच्या ग्राहकांकडील येण्यांपैकी १,२०,००० रुपये डिसेंबर किंवा त्याआधीच्या बिलांचे, म्हणजे नव्वद दिवसांहून जुने होते. कॅश क्रेडिटची उचल मर्यादा काढताना बँका सहसा नव्वद दिवसांपलीकडील येणे धरत नाहीत. बिलांच्या खऱ्या तारखा न भरता काढलेले पत्रक बँकेला दिले, तर ते चुकीचे निवेदन ठरते आणि तपासणीत ते उघडे पडते. पुरवठादारांच्या बाजूलाही तारखेला महत्त्व आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर त्या बिलावर घेतलेली जीएसटीची वजावट परत करावी लागते. हे दिवस मोजण्यासाठी मूळ तारीख संगणकात असावी लागते.

बँकेच्या खात्यात कोणता आकडा भरावा, वहीचा की पासबुकाचा? या पेढीच्या वहीत कॅश क्रेडिटचे देणे ३,००,००० होते आणि बँकेच्या उताऱ्यात २,५५,०००. फरक ४५,००० चा. २९ मार्चला एका पुरवठादाराला दिलेला चेक ३१ मार्चपर्यंत वटला नव्हता. पेढीने चेक दिला त्या दिवशीच पुरवठादाराचे देणे कमी केले होते. म्हणून वहीचा ३,००,००० हाच आकडा भरावा आणि न वटलेला चेक बँक जुळवणीत जुना चेक म्हणून स्वतंत्र नोंदवून ठेवावा. उताऱ्याचा आकडा घेतला तर एप्रिलमध्ये तो चेक वटताना संगणकात त्याची नोंद सापडत नाही. मग हिशेबनीस नवी नोंद करतो आणि त्याच पुरवठादाराच्या नावे ४५,००० दुसऱ्यांदा पडतात.

मालाच्या बाबतीत एक निर्णय आधी घ्यावा लागतो. F11 दाबल्यावर दिसणाऱ्या यादीत Integrate Accounts with Inventory याला Yes दिले असेल, तर ताळेबंदातील मालाची रक्कम संगणक मालाच्या यादीवरून, म्हणजे प्रत्येक वस्तूचे नग किंवा वजन गुणिले दर यावरून, स्वतः काढतो. अशा वेळी प्रत्येक वस्तूची शिल्लक भरावी लागते आणि तिची बेरीज ताळेबंदातील रकमेशी जुळावी लागते. दर खरेदीचा असावा, विक्रीचा नव्हे. ज्या जीएसटीची वजावट घेतली आहे तो त्या दरात नसावा. भांड्यांच्या धंद्यात आणखी एक अडचण असते. माल किलोने येतो आणि दुकानातून पुष्कळदा नगाने जातो. एकक कोणते, हे वस्तू उघडतानाच ठरवून दर त्याच एककाचा लिहावा.

जुळत नाही तेव्हा

या पेढीच्या हिशेबनिसाने दोन दिवसांत सर्व आकडे भरले आणि तेरीज पत्रक उघडले. तेथे शेवटी Difference in opening balances ही ओळ होती आणि तिच्यासमोर १,३५,०००. नावे बाजू २४,६०,००० आणि जमा बाजू २३,२५,०००.

जुन्या हिशेबनिसांचे दोन ठोकताळे प्रसिद्ध आहेत. फरकाच्या निम्मी रक्कम यादीत सापडली, तर ती चुकीच्या बाजूला पडलेली असते. फरकाला नऊने भाग गेला, तर कोठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते, जसे ३६ चे ६३. येथे १,३५,००० ला नऊने भाग जातो, म्हणून हिशेबनिसाने सारी सकाळ उलटे लिहिलेले आकडे शोधण्यात घालविली. त्याला काही सापडले नाही, कारण हे दोन्ही ठोकताळे एकच चूक असेल तेव्हाच उपयोगी पडतात. शेवटी तो म्हणाला, “दादा, तूर्त ही रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून ठेवतो, म्हणजे बाजू जुळतील.”

थोरल्या भावाने नकार दिला. “बाजू जुळतील, पण चूक तशीच राहील. सही केलेला ताळेबंद समोर ठेव आणि एकेक गट पडताळून पाहा.”

ही पद्धत संथ वाटली तरी वेळ तिच्यातच वाचतो. संगणकातील तेरीज गटवार उघडली आणि प्रत्येक गटाची बेरीज कागदावरील ओळीशी ताडून पाहिली. भांडवल जुळले. पुरवठादार जुळले. तीन गट जुळले नाहीत. बँकेचे कर्ज ३,००,००० ऐवजी २,५५,००० होते. उताऱ्यातला आकडा घातला गेला होता. ग्राहकांचे येणे ६,९०,००० ऐवजी ७,२०,००० होते. माल १२,६०,००० ऐवजी १३,२०,००० होता.

ग्राहकांच्या ३०,००० चा उलगडा त्या गटात शिरल्यावर झाला. एका हॉटेलाने मार्चमध्ये मोठ्या मागणीपोटी १५,००० रुपये आगाऊ दिले होते. ग्राहक असूनही त्या दिवशी पेढीच त्याचे देणे लागत होती; वहीत ७,०५,००० येण्यातून हे १५,००० वजा करून ६,९०,००० ही निव्वळ रक्कम लिहिली होती. Sundry Debtors मधील सर्व खाती नावेच असणार, असे धरून हिशेबनिसाने हॉटेलचीही रक्कम नावे टाकली. वजा व्हायचे पंधरा हजार मिळविले गेले आणि फरक दुप्पट, तीस हजारांचा पडला. येथे निम्म्याचा ठोकताळा अचूक लागू पडला, परंतु गट वेगळा काढल्यानंतर.

मालातील ६०,००० चा फरक एककाचा होता. पातेल्यांचा १५० किलो माल २४० रुपये किलोने ३६,००० चा होता. मोजणीच्या कागदावर वजनाशेजारी ४०० नग असेही लिहिलेले होते. हिशेबनिसाने ४०० नग घेतले आणि दर किलोचाच ठेवला, तेव्हा किंमत ९६,००० झाली.

पंचेचाळीस, तीस आणि साठ हजार मिळून १,३५,००० होतात. तिन्ही दुरुस्त्या झाल्या आणि फरकाची ती ओळ आपोआप नाहीशी झाली. सस्पेन्स खाते उघडले असते, तर हॉटेलकडून पंधरा हजार येणे दिसत राहिले असते आणि वर्षाअखेरच्या नफ्यातून साठ हजार रुपये कारण न कळता कमी झाले असते, कारण आरंभीचा माल जितका फुगेल तितका त्या वर्षाचा नफा घटतो.

जुळल्यावरही पाहावयाच्या गोष्टी

तेरीज जुळणे म्हणजे दोन बाजू समान होणे, इतकेच. एकाच बाजूच्या दोन खात्यांत अदलाबदल झाली तर तेरीज काहीच बोलत नाही. दुकानाची दोन लाखांची अनामत चुकून फर्निचरच्या खात्यात गेली असती, तरी २३,७०,००० समोर २३,७०,००० जुळलेच असते. वर्षाअखेर मात्र त्या दोन लाखांवर दहा टक्क्यांनी वीस हजार घसारा वजा झाला असता, जो मुळात मिळायचाच नव्हता. एका ग्राहकाची रक्कम त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्या ग्राहकाच्या खात्यात गेली, तरीही तसेच. यावर उपाय दोन आहेत. गटाच्या बेरजेनंतर गटातील प्रत्येक खाते वहीच्या पानाशी ताडणे. आणि मोठ्या ग्राहकांना व पुरवठादारांना ३१ मार्चची शिल्लक कळवून त्यांची लेखी पुष्टी मागविणे. नावासोबत जीएसटी क्रमांक भरलेला असेल, तर सारख्या नावांचा घोळही टळतो.

एप्रिल महिन्यात आणखी एका जागी लक्ष ठेवावे लागते. मार्चचे १२,००० भाडे एप्रिलमध्ये दिले, तेव्हा ते दुकानभाडे या खर्चाच्या खात्यात नावे टाकायचे नाही. देय भाड्याच्या खात्यात टाकायचे, म्हणजे ते देणे शून्य होते. जीएसटीच्या १८,००० चेही तसेच. ही काळजी घेतली नाही, तर एकच भाडे दोन वर्षांच्या खर्चात मोजले जाते आणि ताळेबंदात फेडलेले देणे वर्षभर उभे राहते. जून महिन्यात देय खाती उघडून पाहिली आणि मार्चची रक्कम तशीच दिसली, तर चूक कोठे झाली हे लगेच कळते.

राहिला प्रश्न वेळेचा. धंदा १ एप्रिलला सकाळी सुरू होतो, तर सनदी लेखापालांकडून पक्का ताळेबंद यायला काही महिने जातात. तोवर थांबण्याचे कारण नाही. रोख, बँक, ग्राहक, पुरवठादार आणि मोजलेला माल यांचे आकडे ३१ मार्चच्या रात्री ठरलेले असतात. ते प्रथम भरावेत. घसारा, देय खर्च आणि भागीदारांच्या खात्यांतील नफ्याचा वाटा ताळेबंद पक्का झाल्यावर भरावा. मधल्या काळात फरकाची ओळ दिसेल आणि ती दिसू द्यावी. या पेढीच्या बाबतीत रोख, माल आणि ग्राहक मिळून नावे बाजूला १९,९०,००० भरले जातील आणि बँक व पुरवठादार मिळून जमा बाजूला ९,४०,०००. म्हणजे फरक १०,५०,००० दिसेल, आणि तो नेमका बाकी राहिलेल्या खात्यांचा आहे, हे कागदावर मांडून ठेवता येईल. तो आकडा याहून एका रुपयानेही वेगळा आला, तर भरलेल्या भागातच चूक आहे असे समजावे आणि ती त्याच दिवशी शोधावी; तेव्हा पाहण्यासारखी खाती थोडी असतात.

सारे भरून झाल्यावर आरंभीच्या शिलकेचे तेरीज पत्रक छापून घ्यावे, ग्राहक-पुरवठादारांची बिलवार यादी आणि मालाची यादी त्याला जोडावी आणि दोन्ही भागीदारांनी त्यावर सह्या करून ते ताळेबंदाच्या फाइलमध्ये ठेवावे. पुढे लेखापालांच्या सांगण्यावरून एखादा आकडा बदलला, तर बदल कोणता, कोणत्या तारखेला आणि कशामुळे, हे त्याच कागदावर लिहून ठेवावे. सहा लाख वीस हजार कोणाचे आणि पाच लाख ऐंशी हजार कोणाचे, असा प्रश्न भावाभावांत पुढे कधी निघाला, तर उत्तर त्या कागदावर मिळेल.